साठ ठिपके आणि काकूंचे दोन

मी संख्याशास्त्र शिकले ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक आहे, असं मला महिन्यातून निदान दोनदा वाटतं. दाताच्या डॉक्टरला कुणी सांगत नाही की दात तुम्ही काढा, पण कुठला ते आम्ही ठरवू. मला मात्र रोज असंच सांगितलं जातं. गणित तुम्ही करा, पण उत्तर एकच द्या, छोटं द्या, आणि ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं काही बोलू नका.

मी मूळची सांगलीकडची. लग्नानंतर इंदूरला आले आणि गेली आठ वर्षं पीथमपूरच्या एका औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. आमच्याकडे गोळ्या बनतात. बनलेल्या गोळ्यांचे नमुने ठरावीक उष्णतेच्या कपाटांत ठेवायचे, आणि सुरुवातीला एकदा, मग तीन, सहा, नऊ, बारा, अठरा महिन्यांनी एकेक काढून बघायचं, की आतलं औषध किती उरलंय. या कामाला आमच्याकडे स्टॅबिलिटी म्हणतात. औषध कालांतराने थोडं थोडं कमी होतं, होणारच. ते किती वेगाने कमी होतंय याची रेषा काढायची, आणि डबीवर ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ लिहायचं त्याचा आधार द्यायचा, हे माझं काम. नमुना प्रत्यक्ष मोजायचं काम लॅबमधल्या अ‍ॅनालिस्ट लोकांचं.

त्यांतल्या सगळ्यांत जुन्या म्हणजे काकू. वय सत्तावन्न. इंदूरच्याच, बडा गणपतीजवळ राहणाऱ्या. त्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि ताठ बसायची सवय तिथूनच आली असावी असं आम्ही चिडवायचो. कंपनीची बस आम्हांला दोघींना बडा गणपतीच्या कोपऱ्यावर घेते. आठ वर्षं शेजारी बसून काकूंकडून मी इंदूरची मराठी शिकले आणि त्यांनी माझ्याकडून काहीच घेतलं नाही. “तुझी मराठी बहुत किताबी आहे गं,” एवढंच म्हणायच्या.

काकूंचं काम असं की बघत राहावं. वीस गोळ्या कुटायच्या, भुकटी तोलायची, विरघळवायची, गाळायची, यंत्रात टाकायची. प्रत्येक पायरीला लगेच वहीत नोंद, निळ्या शाईने. आमच्या लॅबमध्ये पेन्सिल आणि खोडरबर आणायला बंदी आहे. लिहिलं ते लिहिलं. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही, तारीख, कारण. काकू पहिल्या दिवसापासून ही शिस्त पाळत होत्या, आणि त्यांच्या वहीत आडव्या रेघा फार थोड्या असत.

तर अशा काकूंच्या नावावर एका वर्षात दोन ‘चुका’ लागल्या होत्या, आणि त्या मंगळवारी तिसरी लागायच्या बेतात होती.

आमच्या साहेबांनी, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी, मला बोलावलं. टेबलावर एका बॅचचा आलेख होता. डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरणारी रेषा, तिच्या वर-खाली फिकट निळा अरुंद पट्टा, आणि पट्ट्याच्या बाहेर, खाली, एक लाल ठिपका. अठराव्या महिन्याचा. रेषा तिथे अठ्ठ्याण्णव टक्के म्हणत होती. पट्टा वर-खाली तीन दशांशाचा, म्हणजे सत्त्याण्णव पॉइंट सात ते अठ्ठ्याण्णव पॉइंट तीन. काकूंचा आकडा होता सत्त्याण्णव पॉइंट एक.

औषधाला काही धोका नव्हता, हे आधी सांगते. पंच्याण्णवच्या खाली गेलं तर औषध नापास. सत्त्याण्णव म्हणजे ठणठणीत. प्रश्न एवढाच होता, की हा आकडा विश्वास ठेवण्यासारखा आहे की मोजणाऱ्याने काही गोंधळ घातला.

“मॅडम, बघा,” साहेब म्हणाले. तेही इंदूरचेच मराठी, माणूस वाईट नाही, पण घाई फार. “ये तीसरी बार. नऊ महिन्याला यांचा आकडा खाली आला, बारा महिन्याला वर गेला, आता परत खाली. औषध काय झोका खातंय? दोन्ही वेळा दुसऱ्याकडून रिटेस्ट केली, बराबर पट्ट्यात आली. आता नियम साफ आहे. एका वर्षात तीन चुका, तर अ‍ॅनालिस्ट बेंचवरून खाली.”

बेंचवरून खाली म्हणजे मोजायच्या टेबलावरून थेट तळमजल्यावरच्या नमुन्यांच्या खोलीत. तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. काकूंच्या निवृत्तीला चौदा महिने होते. तीस वर्षं ज्या हातांनी दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत तोललं, ते हात चौदा महिने चिठ्ठ्या चिकटवणार, आणि निरोपाच्या फाइलीत शेवटचा शेरा असणार: मोजमापात वारंवार चुका.

मी म्हटलं, “साहेब, हा पट्टा यासाठी नाही.”

“पट्टा तो पट्टा होता है, मॅडम.”

इथून पुढचा पाऊण तास मी जे सहन केलं ते मलाच माहीत.

मी त्यांना सांगितलं की एका रेषेभोवती दोन वेगवेगळे पट्टे काढता येतात. एक असतो रेषेबद्दलच्या शंकेचा. आपण जुन्या दहा बॅचेसचे साठ आकडे घेऊन ही रेषा काढली, पण साठच आकडे आहेत, म्हणून खरी रेषा किंचित वर असेल किंवा किंचित खाली. ती साधारण कुठे असावी हे सांगणारा पट्टा म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. तो सरासरीचा पट्टा. अठराव्या महिन्याला अशा गोळ्यांमध्ये सरासरी किती औषध उरतं, एवढंच तो सांगतो. उद्या एक नवा नमुना मोजला तर त्याचा एकटा आकडा कुठे पडेल, हे तो सांगतच नाही. त्यासाठी दुसरा पट्टा, प्रेडिक्शन इंटरव्हल. तो रुंद असतो, कारण त्यात दोन शंका एकत्र येतात. रेषा नक्की कुठे आहे ही एक, आणि एकटा आकडा रेषेपासून किती भरकटतो ही दुसरी.

“भरकटायचं कशाला?” साहेब म्हणाले. “नीट मोजलं तर का भरकटेल?”

“नीट मोजलं तरी भरकटतो. कुटलेल्या गोळ्यांत थोडा फरक, वजनात थोडा, गाळण्यात थोडा, यंत्रात थोडा. कुणाची चूक नसते.”

“तो फिर डेटा बढ़ा दो. साठचे सहाशे करा. ॲक्युरेट होईल.”

मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. “साहेब, सहाशे केले तर हा अरुंद पट्टा आणखी अरुंद होईल. सहा हजार केले तर दोऱ्यासारखा होईल. रेषा आपल्याला पक्की कळेल. पण एकट्या आकड्याचं भरकटणं तेवढंच राहील, ते डेटा वाढवून कमी होत नाही. म्हणजे तुम्ही जितका डेटा वाढवाल तितके जास्त प्रामाणिक आकडे या पट्ट्याच्या बाहेर पडतील आणि तितक्या जास्त लोकांना तुम्ही तळमजल्यावर पाठवाल.”

मी बसचं उदाहरण काढलं. म्हटलं, आठ वर्षं मी त्याच बसने येते. बडा गणपतीपासून गेटपर्यंत सरासरी बावन्न मिनिटं लागतात, आणि ही सरासरी मी तुम्हांला मिनिटाच्या आत सांगू शकते, इतक्या वेळा आलेय. पण उद्याची बस किती मिनिटांत येईल? चव्वेचाळीस, नाहीतर साठ. आणखी आठ वर्षं प्रवास केला तरी उद्याच्या बसबद्दल मला यापेक्षा फार जास्त कळणार नाही. उद्या साठ मिनिटं लागली म्हणून ड्रायव्हरला बसवरून उतरवणार का?

“मी तर कारने येतो,” साहेब म्हणाले.

मग त्यांनी आलेख माझ्याकडे सरकवला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: ९५% मर्यादा.

“पंच्याण्णव टक्के मर्यादा. मतलब शंभरातले पंच्याण्णव आत पाहिजेत. बाहेर गेला तर गडबड. हे मी नाही बोलत मॅडम, हे तुमचा कागद बोलतो. ये चार्ट बनाया किसने है?”

चार्ट मी बनवला होता.

दहा महिन्यांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवली. साहेबांना लॅबच्या भिंतीवर लावायला एक आलेख हवा होता, म्हणजे नवा आकडा आला की अ‍ॅनालिस्टनेच ठिपका मारून बघावं. मी दोन्ही पट्टे काढून नेले होते. खरंच नेले होते. रुंद पट्टा बघून साहेब हसले होते. “इस में से तो हाथी निकल जाएगा,” म्हणाले होते. मग जुने साठ ठिपके बघून म्हणाले, “ये मच्छर हटाओ. साफ दिखना चाहिए. ऑडिटवाले येतात.” मी समजवायला सुरुवात केली, पंधरा मिनिटं समजवलं, आणि मग कंटाळले. रोज रोज किती समजवायचं माणसाने? मनात म्हटलं, रेषेबरोबर सरासरीचा पट्टा दाखवला तर गणित काही चुकीचं नाही. ठिपके काढले, रुंद पट्टा काढला, वर ‘९५% मर्यादा’ लिहिलं आणि दिलं. कशाची मर्यादा ते लिहिलं नाही. तीन शब्द लिहायचे होते. ते लिहायचा मला वैताग आला.

गणित बरोबर होतं, पण त्या भिंतीवर लावण्याच्या कामाला ते साफ चुकीचं होतं. मघापासून साहेबांवर काढलेला सगळा राग एकदम माझ्याकडे वळला आणि कुठे ठेवावा कळेना. “मला उद्यापर्यंत वेळ द्या,” एवढं म्हणून मी बाहेर आले.

संध्याकाळी बसमध्ये काकू खिडकीशी ताठ बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सरळ सांगून टाकलं, की काकू, तो चार्ट माझा आहे आणि तो चुकीचा आहे.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, “मला वाटलंच होतं की कुछ तो गडबड आहे. मी तीन-तीनदा वजन केलं ना. काचेची भांडी बदलली, यंत्रातला कॉलम बदलला. रात्री झोप नाही यायची गं, की माझा हात हिलतोय की काय. घरी चमच्यात पानी भरून बघायची मी, हिलतो का.”

एका ओळीतले तीन शब्द मी गाळले होते, आणि ही बाई घरी चमच्यात पाणी भरून हात तपासत होती.

मग मला एक शंका आली. “काकू, चार्ट सगळ्यांनाच तोच आहे. मग बाकीच्यांचे आकडे बाहेर का पडत नाहीत?”

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. “ते तू मला नको विचारू.”

“विचारतेय.”

“पडतात ना. सबके पडतात. फक्त ते लोक वहीत चढवायच्या आधी चार्टवर बघतात. बाहेर पडला तर तोच नमुना परत इंजेक्शन मारून यंत्रात टाकतात. नाहीतर कंप्यूटरवर यंत्राचा ग्राफ येतो ना, त्याच्या खालची लाइन जरा इकडे-तिकडे ओढतात, आकडा बदलतो. पट्ट्यात आला की मग चढवतात. मला पण बोलले, काकूजी, जरा सेट कर लिया करो.” त्या थांबल्या. “मी बोलली, आकडा यंत्राने द्यायचा की भिंतीने?”

हे मला हवं होतं त्यापेक्षा जास्त होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंप्यूटर उघडला आणि जे दहा महिन्यांपूर्वी लपवलं होतं ते परत बाहेर काढलं. जुने साठ ठिपके. चार्ट येण्याच्या आधीचे, कुणी कुठल्याही भिंतीकडे न बघता मोजलेले, सगळे मंजूर झालेले. रेषा त्यांच्यावरूनच काढलेली. ते पडद्यावर आले आणि मी मोजायला लागले. अरुंद पट्ट्याच्या आत सतरा, बाहेर त्रेचाळीस. ज्या आकड्यांवरून पट्टा काढला त्यांतलेच त्रेचाळीस त्या पट्ट्यात बसत नव्हते. आणि बसायचं काही कारणही नव्हतं. पट्टा रेषेसाठी होता, ठिपक्यांसाठी नव्हताच.

मग रुंद पट्टा काढला. अठराव्या महिन्याला तो साधारण शहाण्णव पॉइंट आठपासून नव्व्याण्णव पॉइंट दोनपर्यंत गेला. साठांतले तीन बाहेर, बाकी आत. पंच्याण्णव टक्क्यांच्या पट्ट्याने वागावं तसं तो वागत होता. काकूंचा सत्त्याण्णव पॉइंट एक निवांत आत बसला होता.

मग मी चार्ट लागल्यानंतरचे आकडे टाकले. काकू सोडून बाकीच्यांचे एकवीस. एकवीसच्या एकवीस अरुंद पट्ट्यात. एकही बाहेर नाही. जिथे चारांतले तीन बाहेर पडायला हवेत तिथे एकवीस जण ओळीने, शहाण्या मुलांसारखे आत. हा आलेख मी छापला आणि तो हातात घेऊन जिना चढले.

साहेबांनी बघितलं. आधी ठिपके मोजले, बोटाने, एकेक. हे मला आवडलं. माझ्या पाऊण तासाच्या भाषणाने जे झालं नव्हतं ते ठिपक्यांनी केलं. “मतलब हे त्रेचाळीस पण चुका होत्या?” म्हणाले.

“एकही नव्हती.”

मग त्यांची नजर एकवीसवर गेली. “ये तो बढ़िया आहे ना. लॅब सुधारली.”

“साहेब, तोच माल, तेच यंत्र, तीच पद्धत. एका भिंतीवरच्या कागदाने मोजमाप एवढं सुधारत नाही. तुम्ही लोकांना सांगितलं की पट्ट्याबाहेर पडलं तर शिक्षा. लोकांनी पट्ट्यात पाडलं. एकच बाई तसं करत नाही, आणि तिलाच आपण चुकणारी म्हणतोय.”

ते खुर्चीत मागे रेलले. यंत्राच्या कंप्यूटरमध्ये प्रत्येक इंजेक्शनची, प्रत्येक ओढलेल्या रेघेची नोंद आपोआप राहते, कुणी पुसू शकत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती नोंद उघडायची की नाही हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी म्हणाले, “लिहून द्या.”

मी लिहून दिलं. नोंद उघडली गेली. एकवीसपैकी किती आकडे ‘सेट’ केलेले निघाले ते इथे सांगत नाही, पण महिनाभर लॅबमध्ये माझ्याशी कुणी कामापुरतंही बोलत नव्हतं, एवढ्यावरून अंदाज करा. ते नमुने परत मोजले गेले, आणि नवे आकडे दोन्ही बाजूंना छान विखुरले. कुणाला शिक्षा झाली नाही. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून एवढंच सांगितलं, की आकडा जैसा आए वैसा लिखो. मला वाटतं त्या दिवशी तेही थोडे लाजले होते.

काकूंची तिसरी चूक रद्द झाली. पण आमच्याकडे चौकशीची फाइल ‘मूळ कारण’ लिहिल्याशिवाय बंद होत नाही, आणि मूळ कारणाच्या रकान्यात कुणाचं तरी काम यावंच लागतं. मी लिहिलं: नव्या एकट्या आकड्याची तपासणी सरासरीच्या मर्यादेने केली गेली; आलेख तयार करणाऱ्या व्यक्तीने मर्यादा कशाची ते लिहिलं नाही. आलेख तयार करणारी व्यक्ती: मी. पुढचा रकाना ‘सुधारणा’. तिथे फॉर्ममध्ये आधीच छापलेलं असतं: संबंधित व्यक्तीला पुनःप्रशिक्षण.

म्हणजे संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मला आता रिग्रेशनच्या, म्हणजे याच रेषेच्या पट्ट्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागणार होतं. घ्यावंच लागणार, कारण प्रशिक्षण देणाऱ्याची सही झाल्याशिवाय फाइल बंद होत नाही. देणार कोण? कारखान्यात हा विषय माझ्याशिवाय कुणाला येत नाही. साहेबांनी अर्धा मिनिट विचार केला आणि लिहून टाकलं: लॅबमधील वरिष्ठ अ‍ॅनालिस्ट. म्हणजे काकू. मी कपाळाला हात लावला.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी अकरा वाजता आम्ही दोघी छोट्या खोलीत बसलो. मध्ये टेबल, त्यावर प्रशिक्षणाचा फॉर्म, आणि त्याला जोडलेला नवा आलेख: दोन पट्टे, दोघांचीही नावं स्पष्ट लिहिलेली, साठ ठिपके, आणि काकूंचा अठराव्या महिन्याचा एकसष्टावा, आता काळा.

“शिकवा,” मी म्हटलं.

“मी काय शिकवू तुला? तू एम.एस्सी.” पण चष्मा लावून त्या आलेखावर वाकल्या. बोट अरुंद पट्ट्यावर ठेवलं. “हा कशाचा?”

“रेषेचा. सरासरीचा.”

“आणि हा?”

“एका नव्या आकड्याचा.”

“एकाचा इतका मोठा, आणि सगळ्यांचा मिळून इतका छोटा?”

“हो. सगळे मिळून एकमेकांची चूकभूल सांभाळून घेतात. एकट्याला सांभाळायला कुणी नसतं.”

बोट तसंच ठेवून त्या एकेक ठिपका बघत डावीकडून उजवीकडे गेल्या. मग परत मागे आल्या. नवव्या महिन्याशी थांबल्या, बाराव्याशी थांबल्या.

“माझे ते दोन कुठे आहेत?”

मला आधी कळलंच नाही.

“पहिले दोन. नऊ महिन्याचा, बारा महिन्याचा. ज्याच्यासाठी मला चुका लागल्या.”

ते नव्हते. रिटेस्ट झाल्यावर मूळ आकडा बाद होतो, आणि बाद आकडे माझ्या यादीत येतच नाहीत. मी त्या आलेखाकडे चार दिवस बघत होते, माझ्या निर्दोष, नव्या, नीट नावं लिहिलेल्या आलेखाकडे, आणि हे दोन ठिपके नाहीत हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. काकूंची तिसरी चूक पुसली गेली होती. पहिल्या दोन फाइलीत तशाच होत्या.

“काकू, त्या फाइली बंद झाल्यात,” मी म्हटलं. “मी साहेबांना विचारलं नाही अजून, पण ते म्हणतील की नवा चार्ट आजपासून लागू.”

“ते म्हणतील ते म्हणतील,” काकू म्हणाल्या. त्यांनी खिशातून निळं पेन काढलं. आकडे त्यांना पाठ होते. पट्टी आलेखावर ठेवली, नवव्या महिन्याशी उभी, अठ्ठ्याण्णव पॉइंट तीनशी आडवी, आणि ठिपका मारला. मग बारावा महिना, नव्व्याण्णव पॉइंट चार, दुसरा ठिपका. हात जराही हलला नाही. दोन्ही ठिपके रुंद पट्ट्याच्या आत होते.

पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या, “हे पण माझेच आहेत.”

प्रशिक्षणाचा फॉर्म ही आमच्याकडे नोंद असते, आणि नोंदीवर शाईने काढलेलं पुसता येत नाही. काढायचंच असेल तर वाचता येईल अशी एक रेघ मारायची, आणि बाजूला कारण लिहायचं. ‘हे दोन ठिपके चुकीचे’ असं कारण लिहून सही करायला कुणीतरी तयार व्हावं लागेल. काकूंनी ‘प्रशिक्षण देणार’च्या रकान्यात सही केली आणि फॉर्म माझ्याकडे वळवला.

‘प्रशिक्षण घेणाऱ्यास विषय समजला: होय / नाही.’ मी ‘होय’वर खूण केली. मग खाली, जिथे कुणी कधी काही लिहीत नाही त्या शेऱ्याच्या जागेत, दोन्ही आकडे लिहिले, दोन्ही तारखा लिहिल्या, आणि पुढे लिहिलं: बरोबर मोजलेले. खाली सही केली. त्या दोन जुन्या फाइली उघडाव्यात म्हणून मी पुढे चार अर्ज केले, आणि चारही परत आले. काकू ठरल्या दिवशी बेंचवरूनच निवृत्त झाल्या. फॉर्म अजून कपाटात आहे. त्या दोन ठिपक्यांवर आजपर्यंत कुणी रेघ मारलेली नाही.